गळ्याला पुढून दुखतंय आणि तापही आहे? मग ‘फक्त टीएसएच’ करू नका

सर्दी-घसा होऊन गेला, माणूस कामाला लागला, आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा ताप. या वेळी दुखतंय ते गळ्याच्या पुढच्या बाजूला, खालच्या भागात. ‘इन्फेक्शन राहिलं असेल’ म्हणून अँटिबायोटिकचा एक कोर्स होतो, कधी दोन होतात. मग कुणीतरी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं नाव काढतं आणि मंडळी आमच्या लॅबच्या काउंटरवर येऊन सांगतात, “थायरॉइडची टीएसएच तेवढी करून द्या.” दुसऱ्या दिवशी तो रिपोर्ट पाहून डॉक्टर अंगातली सूज दाखवणारी ईएसआर मागतात आणि आम्हाला फोन येतो, “कालचं रक्त आहे ना तुमच्याकडे? त्यातूनच करा की, परत सुई कशाला?”

कालच्या रक्तातून ईएसआर होत नाही. आम्ही टाळाटाळ करत नाही, त्याचं कारण सरळ आहे. टीएसएचसाठी पिवळ्या झाकणाच्या नळीत घेतलेलं रक्त आम्ही गोठू देतो आणि वर सुटलेलं सीरम वापरतो. ईएसआरला न गोठलेलं, ताजं रक्त लागतं. ते उभ्या नळीत भरून एका तासात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते पाहायचं असतं, आणि साध्या तापमानाला ठेवलेलं रक्त साधारण चार तासांच्या आत लावावं लागतं. थायरॉइडचं हार्मोन मोजणारं फ्री टी-फोर मात्र जपून ठेवलेल्या सीरममधून नंतरही करता येतं. म्हणजे राहून गेली तर अडचण होते ती नेमकी ईएसआरची, आणि दुखणं थायरॉइडच्या सुजेचं आहे का ते ओळखायला तीच सर्वांत उपयोगी.

प्रश्न एका सुईचा असता तर एवढं लिहिलं नसतं. पण ‘उद्या येतो’ म्हणून गेलेली व्यक्ती चार-पाच दिवसांनी येते, आणि मधल्या काळात कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झालेल्या असतात. थायरॉइडच्या सुजेत स्टेरॉइडने दुखणं बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत पळतं आणि ईएसआरही उतरायला लागते. मग रिपोर्ट धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही, आणि डॉक्टरांना अंदाजावर चालावं लागतं.

आता दोन्ही दुखण्यांतला फरक. घशाच्या संसर्गात दुखतं ते आत, गिळताना. तोंड उघडून पाहिलं तर घसा लाल दिसतो, टॉन्सिल सुजलेले असतात, कधी त्यांवर पांढरे ठिपके असतात, आणि जबड्याच्या कोपऱ्याखाली गाठी लागतात. थायरॉइडच्या सुजेत गिळताना दुखतं खरं, पण बॅटरी मारून पाहिलं तर आत फारसं काही दिसत नाही. दुखणारी जागा बाहेरून बोटाने दाखवता येते, कंठमण्याच्या खाली. तिथे कॉलर किंवा मंगळसूत्र लागलेलंही सोसत नाही. कळ कानाकडे किंवा जबड्याकडे जाते, त्यामुळे काही जण आधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले असतात. दुखणं एका बाजूला सुरू होऊन काही दिवसांनी दुसऱ्या बाजूला सरकलं, तर या आजाराचा संशय आणखी बळावतो. सोबत छातीत धडधड, घाम, हात थरथरणं हेही असू शकतं. तापाने होत असेल म्हणून ते सांगायचं राहून जातं. तसं करू नका.

बहुधा विषाणूच्या आजारानंतर ग्रंथीला सूज येते आणि तिच्यात साठवलेलं हार्मोन रक्तात गळू लागतं. म्हणून फ्री टी-फोर वाढलेलं आणि ग्रंथीला काम करायला सांगणारं टीएसएच कमी दिसतं. इथेच दुसरा घोटाळा होतो. ‘टीएसएच कमी’ एवढंच पाहून ग्रंथी जास्त काम करते आहे असं समजलं जातं आणि ओळखीतल्या कुणाच्या तरी कार्बिमाझोलच्या गोळ्या घेतल्या जातात. त्या गोळ्या नवीन हार्मोन तयार होणं थांबवतात. टाकीला तडा गेला असेल तर मोटर बंद करून गळती थांबत नाही. शिवाय त्या गोळ्यांनी क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात, आणि त्याची पहिली खूण पुन्हा ताप आणि घसा दुखणं हीच असते.

एक नमुना रिपोर्ट घेऊ. वय ३८, महिला, तीन आठवड्यांपूर्वी सर्दी-खोकला. टीएसएच ०.०३, म्हणजे अगदी तळाला. फ्री टी-फोर ३.१, वरची मर्यादा १.७. ईएसआर ८८, म्हणजे बरीच वाढलेली. पांढऱ्या पेशी ८,९००, म्हणजे नॉर्मल. पू करणारा संसर्ग असता तर पांढऱ्या पेशी बहुधा वाढल्या असत्या. या चौघांना एकत्र वाचलं आणि बोटाने दाखवलेली जागा जमेला धरली की डॉक्टरांना दिशा मिळते. नुसत्या ईएसआरवर मात्र जाऊ नका. रक्त कमी असेल, गरोदरपण असेल किंवा वय जास्त असेल तरी ती वाढते. उलट, स्टेरॉइड न घेता ईएसआर नॉर्मल आली तर हा आजार असण्याची शक्यता बरीच कमी होते. तरीही शंका राहिली तर डॉक्टर थायरॉइडचा स्कॅन सांगतात. सुजेच्या काळात ग्रंथी स्कॅनसाठी दिलेलं औषध जवळजवळ ओढतच नाही. तो स्कॅन आमच्याकडे होत नाही.

याच बाईंचा टीएसएच अडीच-तीन महिन्यांनी १४, म्हणजे उलट वाढलेला आला तर घाबरू नका. साठा संपून गेलेला असतो आणि ग्रंथी अजून सावरत असते. बहुतेकांचं वर्षभरात नॉर्मलला येतं, थोड्या लोकांना मात्र गोळी कायमची लागते. म्हणून तपासणी डॉक्टर सांगतील तशी, साधारण सहा आठवड्यांच्या अंतराने करा. दर आठवड्याला करण्यात पैसे जातात. हे आम्ही लॅबवाले सांगतोय, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही.

काउंटरवरची मुलगी “नेमकं कुठे दुखतंय? कुठल्या गोळ्या चालू आहेत?” असं विचारते तेव्हा काही जणांना राग येतो. पण उत्तर कळलं तर आम्ही त्याच सुईत जांभळ्या झाकणाची नळीही भरून ठेवतो आणि डॉक्टरांना फोन करून ईएसआर-सीबीसी हवी का ते विचारून घेतो. नको म्हणाले तर त्या नळीचे पैसे लावत नाही. केस-नखांसाठीच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. त्यातल्या बायोटिनमुळे काही मशीनवर टीएसएच खोटंच कमी दिसतं. डॉक्टरांना विचारून दोन दिवस आधी बंद ठेवाव्यात. फोनवर आम्ही निदान किंवा गोळीचं नाव सांगत नाही. रिपोर्टमध्ये काही शंका असेल तर आमचे पॅथॉलॉजिस्ट तुमच्या डॉक्टरांशी थेट बोलतात.

श्वास घेताना आवाज येत असेल, थुंकी गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल किंवा गळ्यावरची कातडी लाल होऊन सूज वाढत असेल, तर आमच्याकडे येऊ नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

बाकीच्यांनी उपाशी यायची गरज नाही. चिठ्ठी, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणा. ताप असेल तर घरी येऊन रक्त नेतो. ईएसआर वेळेत लागावी म्हणून अशी नळी आमचा मुलगा इतर घरं न करता थेट लॅबमध्ये आणतो. त्यासाठी फोन सकाळी नऊच्या आत करा.