क्रॅनबेरीचा रस आणि पन्नासच्या वर गेलेला आयएनआर

२००३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका रुग्णाची हकिगत छापून आली. वय सत्तरीच्या घरातलं. रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून वॉरफरिन चालू. छातीत जंतुसंसर्ग झाला, अन्नावरची वासना उडाली आणि दोन आठवडे पोटात जवळजवळ काहीच गेलं नाही. नेहमीच्या गोळ्या आणि क्रॅनबेरीचा रस एवढंच. रस सुरू केल्यावर सहा आठवड्यांनी त्यांना इस्पितळात आणलं तेव्हा आयएनआर पन्नासच्या वर होता. हा आकडा रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगतो. एरवी तो १ च्या आसपास असतो, वॉरफरिनवर बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात. पोटात आणि हृदयाभोवतीच्या आवरणात रक्तस्राव होऊन ते गेले.

खापर रसावर फुटलं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी वॉरफरिनवाल्यांना हा रस टाळायला सांगितलं. संशयाला आधार होता: यकृतातलं जे एन्झाइम वॉरफरिनचा निचरा करतं, त्याला रसातली काही द्रव्यं परीक्षानळीत अडवतात.

पण हकिगत पुन्हा वाचा. वॉरफरिन ‘के’ जीवनसत्त्वाच्या कामात खोडा घालतं (‘क’ नव्हे, ते लिंबातलं). ‘के’ हिरव्या भाज्यांतून मिळतं. माणूस जेवलाच नाही तर ते आटतं आणि तोच डोस भारी पडतो. शिवाय त्यांना अँटिबायोटिकही दिलं होतं, आणि तेही वॉरफरिनचा जोर वाढवू शकतं. मग गुन्हेगार कोण?

पुढे वॉरफरिन घेणाऱ्यांना आठवडा-दोन आठवडे रोज पेलाभर, साधारण २५० मिलि, रस देऊन पाहिला. आयएनआरमध्ये धोक्याचा फरक पडला नाही. मात्र दाट अर्काच्या कॅप्सूल निरोगी माणसांना दिल्या तेव्हा वॉरफरिनचा परिणाम वाढलेला दिसला. म्हणून ‘कॅप्सूल म्हणजे रसच’ हे समीकरण मला पटत नाही.

आता, हा रस प्यायचा कशाला? लघवीला जळजळ करणारा ई. कोलाय जंतू आपल्या केसांसारख्या तंतूंनी मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटतो. क्रॅनबेरीतली प्रोअँथोसायनिडिन्स नावाची द्रव्यं ही पकड सैल करतात, असं मानतात. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१२च्या आढाव्यात ठोस फायदा दिसला नव्हता. २०२३ साली ५० अभ्यास एकत्र केल्यावर चित्र बदललं: ज्या बायकांना हा त्रास पुन्हा पुन्हा होतो, त्यांच्यात धोका सुमारे चौथ्या हिश्शाने कमी झाला. लहान मुलांनाही फायदा दिसला. वृद्धाश्रमातल्या ज्येष्ठांना आणि गरोदर बायकांना दिसला नाही. शिवाय हे सगळं टाळण्यापुरतं. संसर्ग एकदा झाला की रसाने तो बरा होत नाही.

तेव्हा अँटिबायोटिक लागतं, आणि वॉरफरिनवाल्याची खरी पंचाईत तिथे होते. लघवीच्या संसर्गावर दिलं जाणारं को-ट्रायमॉक्साझोल वॉरफरिनचा जोर पेलाभर रसापेक्षा कितीतरी खात्रीने वाढवतं. ही गोळी सुरू झाली की तीन-चार दिवसांत आयएनआर तपासावा लागतो. हिरड्यांतून रक्त आलं, लघवी लाल झाली किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर तेवढंही थांबायचं नाही, त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.