मागचं सांगणं आणि मागचं वापरणं: तीस दिवसांच्या मालिकेची स्क्रिप्ट

रोज एक व्हिडिओ अशा तीस दिवसांच्या चॅलेंजची स्क्रिप्ट लिहिताना दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. एक म्हणजे मागचं सांगणं, दुसरी म्हणजे मागचं वापरणं. दोन्हींत कालचा उल्लेख येतो, त्यामुळे कागदावर त्या सारख्याच दिसतात. पण पहिलीमुळे भाग लांबतो, आणि मालिका पुढे जाते ती दुसरीमुळे.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. खानापूरची एक कॉलेजची मुलगी आहे. कन्नड बोललेलं तिला समजतं, वाचता येत नाही. तिचं चॅलेंज असं, की तीस दिवसांत बेळगावच्या बस स्टँडवरच्या कन्नड पाट्या कुणाला न विचारता वाचायच्या. ती कोण, हे का करते, नियम काय, ही मांडणी पहिल्या दिवशी एकदाच होते. त्याच दिवशी पाटी येते गोकाकची. ही निवड मुद्दाम आहे. गो, का, क यांत व्यंजनं दोनच, ग आणि क, आणि खुणा दोन, ओकार आणि काना. एवढ्यात एक अख्खं गाव वाचून होतं.

आता पंधरावा दिवस बघा, पाटी चिक्कोडी. मागचं सांगणारी स्क्रिप्ट अशी सुरू होते: “नमस्कार, मी तीस दिवसांत कन्नड वाचायला शिकतेय, काल आपण निपाणी वाचलं, त्यात जोडाक्षर होतं...” तीस-चाळीस सेकंद गेले आणि अजून काहीच घडलेलं नाही. रोज पाहणाऱ्याला हे पाठ झालेलं असतं, नव्याला त्यातून वाचता काही येत नाही.

मागचं वापरणारी स्क्रिप्ट थेट पाटीवर उघडते. त्यासाठी चौदाव्या दिवशी नेमकं काय घडलं ते माहीत हवं. कन्नडमध्ये निपाणीच्या नावात प दुहेरी आहे, निप्पाणि. जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली लहान आकारात लिहितात, त्याला ओत्तक्षर म्हणतात. काना मात्र वरच्या प ला लागतो. मराठी डोळा आधी वरचं ‘पा’ वाचतो, मग खालचा प, आणि तोंडातून निघतं ‘निपापणि’. ती असंच चुकते. शेजारी उभे असलेले काका हसून “निपाणी गं, बाळ” म्हणतात, आणि मग तिला कळतं: आधी वरचं व्यंजन, मग खालचं, स्वर शेवटी.

पंधराव्या दिवशी ती चिक्कोडीच्या पाटीपुढे उभी आहे. ओकार वरच्या क ला आहे, दुसरा क खाली. ती बोट आधी वरच्या क वर ठेवते, मग खालच्या, मग पुन्हा वर ओकारावर, आणि म्हणते, “चिक्कोडी.” तोंडाने नियम सांगितला नाही, बोटाने केला. रोज पाहणाऱ्याला कालची चूक आपसूक आठवते, आणि आजच आलेल्याला जोडाक्षर कसं वाचायचं ते समोर दिसतं. नव्या माणसासाठी याहून जास्त लागतं ते एवढंच: कोपऱ्यात ‘दिवस 15’ आणि वाचून झालेल्या गावांची पट्टी. बोलण्याचा एक शब्दही खर्च होत नाही.

दोन्हींतला फरक ओळखायची माझी परीक्षा सोपी आहे. मागच्याशी जोडणारं वाक्य किंवा कृती काढून टाका. भाग तसाच चालला तर ते सांगणं होतं. आजचं काम अडलं तर ते वापरणं.

दुसरी परीक्षा जरा कठोर आहे. लागोपाठचे दोन दिवस अदलाबदल करून वाचा. चिक्कोडीनंतर सोळाव्या दिवशी हुक्केरी ठेवलं तर प्रश्न येतो, कारण त्यातही क्क च आहे. हुक्केरी आधी आणि चिक्कोडी नंतर दाखवलं तरी काही बिघडत नाही. म्हणजे ते दोन सुटे व्हिडिओ झाले, वर ‘दिवस 16’ लिहिलेलं असलं तरी. इथे अनेक जण नवं गाव शोधायला लागतात. मी गाव तेच ठेवीन आणि अट वाढवीन. चिक्कोडीची बस उभी होती, हुक्केरीची बस स्टँडमधून बाहेर पडताना वाचायची. आता बोट ठेवायला वेळ नाही. वरचं, खालचं, स्वर, हा क्रम डोळ्याने एका दमात झाला पाहिजे, आणि तो चिक्कोडीला बोटाने झाला नसेल तर इथे होणार नाही. अदलाबदल केली की सोळावा दिवस कोसळतो.

पुन्हा सांगणं एकाच ठिकाणी मला चालतं. नियम बदलला तर. समजा विसाव्या दिवसापासून पाटी फक्त एकदाच पाहायची ठरली, तर ते त्या दिवशी स्पष्ट बोलून सांगावं. एकविसाव्या दिवशी ते वाक्य काढून टाकावं, आणि पाटी दिसताच तिने मान वळवावी.