गप्पांच्या फोल्डरला कुलूप

व्हॉट्सअॅपवरच्या एखाद्या गटातील गप्पा ‘एक्स्पोर्ट’ केल्या की संदेशांची एक साधी मजकुराची फाइल आणि सोबत छायाचित्रे हाती येतात. असा फोल्डर संगणकावर ठेवताना काही जण त्याची झिप फाइल करून तिला पासवर्ड लावतात. मात्र झिपची जुनी कूटपद्धत, म्हणजे ‘झिपक्रिप्टो’, बिहाम आणि कोचर यांनी 1994 मध्येच मोडून दाखवली होती. आत दडलेल्या एखाद्या फाइलचा छोटासा भाग आधीच ठाऊक असेल, तर पासवर्ड न शोधताही अंतर्गत किल्ल्या काढता येतात आणि त्याच पासवर्डाने बंद केलेल्या बाकीच्या फाइलीही उघडतात. गटात आलेले ‘शुभ सकाळ’चे चित्र जसेच्या तसे इतर सदस्यांच्या फोनमध्येही असते, तेच चित्र त्याच पद्धतीने आक्रसून घेतले की हल्लेखोराला हवा तो नमुना मिळतो. पासवर्ड कितीही लांब असला तरी इथे त्याचा उपयोग नाही.

म्हणून सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रॅमचा 7z प्रकार घ्यावा. त्यात 256 बिटांची एईएस ही कूटपद्धत वापरली जाते आणि पासवर्डापासून किल्ली बनवताना हॅशची, म्हणजे उलट न फिरवता येणारी गणिती, क्रिया सुमारे सव्वापाच लाख वेळा होत असल्यामुळे अंदाजाने पासवर्ड शोधण्याचा वेग मंदावतो. तरीही नाव आणि जन्मसाल यांची जोडी फार काळ टिकत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द यदृच्छेने निवडणे बरे. गप्पांच्या फोल्डरचे नाव `Gappa` असेल, तर कमांड लाइनवर पुढील दोन आज्ञा द्याव्यात.

```
7z a -p -mhe=on gappa.7z Gappa
7z t gappa.7z
```

पहिल्या आज्ञेतील `-mhe=on` फाइलींची नावेही झाकते. हे केले नाही तर मजकूर बंद राहतो, पण गटाचे नाव आणि तारखा कुणालाही वाचता येतात. दुसरी आज्ञा आतील प्रत्येक फाइल उलगडून तपासते. ती निर्वेध पार पडल्याशिवाय मूळ फोल्डर पुसू नये. शिवाय एसएसडीवर पुसलेली माहिती काही काळ मागे राहू शकते, त्यामुळे अख्खी डिस्कच आधीपासून कूटबद्ध असलेली चांगली.

बंद झालेली फाइल पेनड्राइव्हवर आणि घराबाहेरच्या एखाद्या ठिकाणी ठेवावी. पासवर्ड मात्र त्यांच्यासोबत नको, तो कागदावर वेगळ्या जागी असावा. 7z प्रकारात बहुधा अनेक फाइली एकत्र आक्रसल्या जातात, म्हणून एका जागी झालेली इजा पुढच्या फाइलींनाही भोवते. अशा वेळी प्रोग्रॅम बऱ्याचदा `Wrong password?` असेच विचारतो आणि माणूस आपल्या स्मरणशक्तीला दोष देत बसतो. दुसरी प्रत त्याच पासवर्डाने उघडली, तर दोष पहिल्या प्रतीत आहे हे कळते; मग चांगल्या प्रतीवरून नवी प्रत करावी आणि तिच्यावरही तीच तपासणीची आज्ञा चालवावी.