थ्री नॉट थ्री आणि एके-४७ : रायफल बदलली, सेक्शन बदलला

थ्री नॉट थ्री आणि एके-४७ शेजारी ठेवून यातली जास्त ताकदीची कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण एकेकडे बोट दाखवतात. खरं उत्तर उलट आहे. थ्री नॉट थ्रीची गोळी साधारण ११ ग्रॅमची आणि नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला ७४० मीटरच्या आसपास. एकेची गोळी ८ ग्रॅमची, वेग ७१५ मीटर. हिशेब मांडला तर जुन्या रायफलीची गोळी सुमारे ३१०० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते आणि एकेची २००० ज्यूलपेक्षा थोडी जास्त. एकेसारखी असॉल्ट रायफल ही मुळात कमी ताकदीच्या काडतुसाची रायफल आहे. पायदळाच्या लढाईची पद्धत बदलली ती या कमी ताकदीमुळेच, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

आधी दोन्ही रायफली चालतात कशा ते पाहू. थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड, ही बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल. चाप ओढला, गोळी सुटली, की पुढचं सगळं काम माणसाचं. बोल्टची मूठ वर उचलायची, बोल्ट मागे खेचायचा म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, मग बोल्ट पुढे ढकलून नवं काडतूस नळीत बसवायचं आणि मूठ खाली दाबायची. या हालचालीत उजवा हात चापावरून सुटतो, रायफल हलते आणि नेम पुन्हा धरावा लागतो. मॅगझीनमध्ये दहा गोळ्या. त्या संपल्या की पाच-पाच काडतुसांच्या दोन क्लिपा वरून दाबून भरायच्या. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश पायदळात चांगल्या शिपायाकडून ३०० यार्डांवर मिनिटाला १५ नेमक्या गोळ्यांची अपेक्षा असे. त्या काळात हा वेग फार मोठा मानला जाई, आणि तो कमवायला सराव लागे.

एकेसारख्या असॉल्ट रायफलीत हे काम गोळीमागचा वायू करतो. नळीतला थोडा वायू एका छिद्रातून पिस्टनवर येतो, पिस्टन बोल्टला मागे ढकलतो, स्प्रिंग त्याला पुढे आणते. माणसाचा हात चापावरच राहतो आणि नजर निशाणावर. एकेचा यांत्रिक वेग मिनिटाला ६०० गोळ्यांचा असला, तरी तीस गोळ्यांचं मॅगझीन बदलत, नेम धरत मारा केला तर एकेक गोळीने मिनिटाला सुमारे ४० आणि छोट्या बर्स्टमध्ये, म्हणजे एका दाबात सलग सुटणाऱ्या थोड्या गोळ्यांत, सुमारे १०० गोळ्या, एवढीच सोव्हिएत लष्कराची अपेक्षा होती. तरीही तो आकडा पंधराच्या किती पुढचा आहे!

मग जुन्याच दणकट काडतुसावर स्वयंचलित रायफल का केली नाही? करून पाहिली गेली. चार-साडेचार किलोची रायफल अशा काडतुसावर बर्स्टला टाकली की दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला नळी वर चढते आणि पुढच्या गोळ्या आभाळात जातात. अमेरिकेच्या एम-१४ ने हा अनुभव भरपूर दिला. आपल्या एसएलआरमध्येही तेच मोठं काडतूस होतं, आणि ती एका वेळी एकच गोळी झाडत असे. ती अर्धस्वयंचलित रायफल होती, असॉल्ट रायफल नव्हे. असॉल्ट रायफल म्हणायला तीन गोष्टी एकत्र लागतात: मध्यम ताकदीचं काडतूस, बदलता येणारं मॅगझीन, आणि एकेक गोळी की सलग मारा हे निवडायची कळ.

मध्यम काडतुसाचा विचार पुढे आला तो अंतराच्या प्रश्नातून. ली-एनफिल्डच्या मागच्या साइटवर २००० यार्डांपर्यंतच्या खुणा असत, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तुकडीने मिळून दूरच्या घोळक्यावर गोळ्यांची सर पाडणं हा रायफलीचा एक उपयोग मानला जाई. महायुद्धात शत्रू जमिनीत शिरला. खंदकातून, झुडपातून, घराच्या खिडकीतून क्षणभर दिसणाऱ्या माणसावर शिपाई गोळी झाडतो ती बहुधा ३००-४०० मीटरच्या आतच, हे जर्मन लष्कराच्या ध्यानात आलं. त्यापलीकडची ताकद म्हणजे खांद्याला बसणारा झटका आणि पाठीवरचं ओझं, एवढंच. म्हणून त्यांनी आपलं ५७ मिलिमीटर लांब पुंगळीचं ७.९२ चं काडतूस ३३ मिलिमीटरवर आणलं आणि त्याभोवती श्टुर्मगेवेर ४४ उभी केली. सोव्हिएत संघाने १९४३ मध्ये स्वतःचं ७.६२ × ३९ चं काडतूस काढलं, आणि १९४९ मध्ये एके त्यांच्या लष्करात दाखल झाली.

ओझ्याचा हिशेब इथे सांगायलाच हवा. थ्री नॉट थ्रीचं एक काडतूस साधारण २५ ग्रॅमचं, एकेचं १६ ग्रॅमच्या थोडं वर, आणि आपल्या इन्सास किंवा अमेरिकेच्या एम-१६ रायफलीचं ५.५६ चं काडतूस सुमारे १२ ग्रॅमचं. ज्या अडीच किलोत जुन्या शंभर गोळ्या येत, त्यात एकेच्या दीडशे आणि ५.५६ च्या दोनशे येतात. जलद झाडणाऱ्या रायफलीला जास्त गोळ्या लागतात, आणि हलक्या काडतुसामुळे शिपाई त्या वाहू शकतो. या दोन गोष्टी एकमेकींवाचून चालत नाहीत.

आता सेक्शनकडे, म्हणजे पायदळाच्या छोट्या तुकडीकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश आणि भारतीय पायदळाचा सेक्शन घ्या: आठ-दहा माणसं, बहुतेकांकडे बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली आणि एक ब्रेनगन, म्हणजे हलकी मशीनगन. सेक्शनचा खरा मारा त्या ब्रेनगनचा. रायफलवाल्यांच्या छातीवरचे दोन मोठे पाऊच ब्रेनगनची मॅगझिन मावतील अशा मापाचे शिवलेले असत, आणि प्रत्येक जण स्वतःच्या गोळ्यांखेरीज तिची मॅगझिन वाहत असे. कोण कोणासाठी लढतो आहे, हे त्या पाऊचवरूनच कळतं.

समजा या सेक्शनला शंभर मीटरवरच्या एका बांधामागची चौकी घ्यायची आहे. ब्रेनगनचे तिघे बाजूला सरकून आडोसा घेतात आणि चौकीवर मारा सुरू करतात. या माऱ्याने शत्रू मरेलच असं नाही. त्याने डोकं खाली ठेवावं, एवढाच हेतू असतो. बाकीचे सहा-सात जण तेवढ्यात पुढे सरकतात. उघड्यावर माणसाने एका दमात धावायचं ते तीन-चार सेकंद, कारण त्याहून जास्त वेळ दिला तर समोरच्याला नेम धरता येतो. एवढ्यात पंधराएक मीटर कापली जातात आणि तो पुन्हा जमिनीला चिकटतो.

धोका इथे आहे. ब्रेनगनचं मॅगझीन संपलं, गोळी अडकली किंवा गनर पडला, तर मारा थांबतो आणि सहा माणसं उघड्यावर अडकतात. त्यातले तिघे थांबून रायफलीने मारा करू लागले, तर मिनिटाला पंधराच्या वेगाने चार सेकंदांत तिघांच्या मिळून तीन गोळ्या जातात. तीन गोळ्यांनी बांधामागचा मशीनगनवाला डोकं खाली घालत नाही. शेवटचे तीसेक मीटर तर ब्रेनगनलाही मारा थांबवावा लागे, कारण आपलीच माणसं तिच्या रेषेत येत. तिथे उरे ग्रेनेड आणि संगीन.

हेच सहा जण एके घेऊन निघाले तर? पडून राहिलेले तिघे त्याच चार सेकंदांत एकेक गोळीने सात-आठ आणि बर्स्टने वीसेक गोळ्या देतात. म्हणजे दर तिघांची टोळी दुसऱ्या तिघांना स्वतःच्या बळावर पुढे नेऊ शकते. हलकी मशीनगन बंद पडली तरी हल्ला मरत नाही. आणि शेवटच्या तीस मीटरमध्ये, जिथे बोल्ट ओढायला सवडच नसते, तिथे प्रत्येकाच्या हातात चालती, मारा करणारी रायफल असते. सेक्शन तीन-चार माणसांच्या, आलटून पालटून पुढे जाणाऱ्या टोळ्यांत फुटण्याला यामुळे बळ मिळालं. अमेरिकी लष्कराच्या नऊ जणांच्या स्क्वाडमध्ये चौघांच्या दोन फायर टीम असतात आणि वर एक स्क्वाड लीडर. निर्णयही खाली सरकला. पूर्वी सेक्शन कमांडर ब्रेनगन कुठे बसवायची ते ठरवी. आता चौघांचा म्होरक्या कधी झाडायचं, कधी धावायचं हे स्वतः ठरवतो.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. एकाने मारा करायचा आणि दुसऱ्याने पुढे जायचं, ही युक्ती असॉल्ट रायफलीने शोधली नाही. ती पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत, हलक्या मशीनगन आणि ग्रेनेडच्या आधाराने पक्की झाली होती. नव्या रायफलीने ती सर्वांत लहान टोळीपर्यंत नेली.

भारतीय जवानाने हा फरक समोरून झेलला आहे. १९६२ मध्ये त्याच्या हाती मुख्यतः ली-एनफिल्डच होती. त्या पराभवाची कारणं रायफलीहून फार मोठी होती, पण युद्धानंतर एसएलआर वेगाने आली त्यामागे तो अनुभव होता. १९८७ पासून श्रीलंकेत शांतिसेनेचे जवान लांब, जड एसएलआर घेऊन जंगलात आणि जाफन्याच्या गल्ल्यांत एकेवाल्या तामिळ वाघांशी लढले. लांबच्या अंतरावर उपयोगी पडणारी ताकद पन्नास मीटरवर काही कामाची नव्हती. नोव्हेंबर २००८ मध्ये सीएसटीवर काही पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्रीच होती. ज्यांनी त्या रात्री ती घेऊन एकेवर नेम धरला, त्यांना हा फरक प्रत्येक बोल्टगणिक भोगावा लागला.

नव्या रायफलीचे दोष दोन आणि दोन्ही खरे. पहिला, गोळ्यांची उधळपट्टी. घाबरलेला शिपाई कळ सलग माऱ्यावर टाकतो आणि तीन सेकंदांत तीस गोळ्या संपवतो. म्हणून आपल्या फायरिंग रेंजवर ‘एक गोली, एक दुश्मन’ हे वाक्य आजही घोकून घेतात. म्हणूनच एम-१६ ए२ आणि इन्सास या रायफलींमध्ये सलग मारा काढून तीन गोळ्यांचा बर्स्ट ठेवला गेला. दुसरा दोष अंतराचा. २००१ नंतर अफगाणिस्तानात समोरच्या डोंगरावरून पाचशे मीटरपलीकडून मशीनगन चालू लागली, तेव्हा ५.५६ ची गोळी तिथे फिकी पडली. अमेरिकेने एम-१४ कोठारातून काढून, दुरुस्त करून काही निवडक नेमबाजांच्या हाती दिली. आपल्या लष्करानेही अलीकडे सिग-७१६ घेतली, ती पुन्हा ७.६२ × ५१ च्या मोठ्या काडतुसाची.

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलही संपलेली नाही. गोळी सुटताना तिच्यात पिस्टन हलत नाही आणि बोल्ट नळीला घट्ट धरून असतो, त्यामुळे दर गोळी जवळपास त्याच जागी जाते. ज्याला एकच गोळी झाडायची आहे आणि आठशे-हजार मीटरवर ती चुकवायची नाही, तो स्नायपर आजही बहुधा हाताने बोल्ट ओढणारी रायफलच मागतो.