बडोद्यातलं ‘यमक’ आणि फोटोतला अभंग

बडोद्याच्या मराठी घरांत मुलांच्या मराठीच्या अभ्यासातल्या कवितेच्या पानाचा फोटो येतो. खाली प्रश्न असतात: आशय लिहा, अलंकार ओळखा, यमकरचना सांगा. पहिल्या दोन प्रश्नांचं जमतं, तिसऱ्यावर गाडी अडते. तिथे कवितेइतकाच शब्दाचाही घोळ असतो.

‘यमक’ मूळचा संस्कृतातला अलंकार. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. तिथे यमक म्हणजे तोच अक्षरसमूह पुन्हा येणं. चरणाच्या शेवटीच यावा अशी अट नाही. संस्कृत वृत्तांना शेवटच्या जुळणीची गरजच नव्हती. मराठीत ओवी-अभंग चरणान्ती जुळवत गेले आणि त्या जुळणीलाच यमक म्हणू लागले. गुजरातीत मात्र यमक म्हणजे तोच शब्द वेगळ्या अर्थाने येणं. शेवटच्या जुळणीला तिथे प्रास किंवा अंत्यानुप्रास म्हणतात. शाळेत गुजराती शिकणारं मूल मराठीच्या पेपरात यमक शोधताना दोन अर्थांचा शब्द हुडकत बसतं, आणि त्याला तो सापडत नाही. यात चूक मुलाची म्हणवत नाही.

आता तुकारामांचा अभंग घ्या:

सुंदर ते ध्यान उभे विटेवरी ।
कर कटावरी ठेवोनिया ॥

ओळींची टोकं पाहिली तर ‘विटेवरी’ आणि ‘ठेवोनिया’ जुळत नाहीत, म्हणून उत्तर येतं ‘यमक नाही’. पण इथे छापलेली ओळ म्हणजे चरण नव्हे. अक्षरं मोजा: ‘सुंदर ते ध्यान’ सहा, ‘उभे विटेवरी’ सहा, ‘कर कटावरी’ सहा, ‘ठेवोनिया’ चार. हा मोठा अभंग. त्याचा दुसरा आणि तिसरा चरण जुळतो, विटेवरी–कटावरी. अक्षरांत मांडायचं तर अ ब ब क. पुढे ‘कासे पीतांबर । आवडे निरंतर’ असं येतं, तिथे ‘आवडे निरंतर’ सात अक्षरं भरतात. रचना गायची आहे, तेव्हा एखादं अक्षर जास्त झालं तरी घाबरू नये. जुळणी पीतांबर–निरंतर अशी जागेवरच आहे.

ही अ-ब-क लावायची सवय अभंगातून आलेली नाही. चौदा ओळींच्या सुनीतात कोणती ओळ कोणत्या ओळीशी जुळते ते दाखवायला ती सोयीची पडते. केशवसुतांनी 1892 मध्ये मराठीत सुनीत आणलं. बडोद्यातच जन्मलेल्या माधव जूलियनांनी पुढे ‘छंदोरचना’त मराठी छंदांची तपशिलात मांडणी केली. जुन्या रचनेला ही नवी पट्टी लावताना आधी चरण पाडायचे, मग अक्षरं द्यायची.

अलंकाराच्या प्रश्नात इथे ‘उपमा’ लिहिलं जातं. पण सारखा, जसा, सम, परी यांतलं काही नाही आणि तुलनेला दुसरी वस्तूही नाही. दिसतं तसं रूप सांगितलंय, म्हणून स्वभावोक्ती. आशयासाठी मात्र फोटो खालपर्यंत हवा. ‘तुका म्हणे माझे हेचि सर्व सुख’ ही ओळ कापली गेली, तर उत्तर नुसतं मूर्तीचं वर्णन होऊन बसतं.