7 की 7.00? जवळच्या उत्तराला गुण देण्याच्या नियमांची पार्श्वभूमी

मे 2018 मध्ये जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पहिल्यांदाच पूर्णपणे संगणकावर झाली. त्या वर्षी प्रत्येक विषयाच्या प्रत्येक पेपरात आठ प्रश्न असे होते की पर्याय नाहीत, आकडा स्वतः टाइप करायचा. प्रत्येकी 3 गुण; म्हणजे दोन्ही पेपर मिळून 360 पैकी 144 गुण या प्रश्नांवर. सूचना अशी होती की उत्तर दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत लिहा, पुढचे अंक तोडा किंवा पूर्णांकन करा. उदाहरणांत 6.25 आणि -0.33 यांच्यासोबत 7.00 सुद्धा छापलेले होते. परीक्षा घेणाऱ्या आयआयटी कानपूरने नंतर स्पष्ट केले की उत्तर 11 असेल तर 11, 11.0 आणि 11.00 ही तिन्ही ग्राह्य आहेत. मग प्रश्न उभा राहिला : ज्यांनी सूचना तंतोतंत पाळली, त्यांच्या आणि नुसते 7 लिहिणाऱ्यांच्या गुणांत फरक नको का? प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले, जुलैत एका न्यायाधीशाच्या आदेशामुळे जागावाटप काही काळ थांबले, आणि खंडपीठाने त्या आदेशाला स्थगिती दिल्यावर ते पुन्हा सुरू झाले.

गणिताच्या दृष्टीने 7 आणि 7.00 एकच. भौतिकशास्त्राच्या तासाला मात्र त्यांत फरक असतो, कारण तिथे शेवटची शून्ये मोजमापाची अचूकता सांगतात. परीक्षेचा संगणक काय करतो, हे तपासणी कशी लिहिली आहे त्यावर ठरते. उत्तर मजकूर म्हणून ताडले तर दोन्ही वेगळी, संख्या म्हणून ताडले तर सारखी. पुढच्या वर्षांच्या सूचनेत मेख काढून टाकलेली दिसते : मूल्यात दोनपेक्षा जास्त दशांश स्थळे असतील तरच ती तोडा किंवा पूर्णांकन करा. 7 हे 7 च राहिले.

हा घोळ आधी का झाला नव्हता? कारण आधी उत्तर माणूस तपासत असे. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रात आणि रसायनशास्त्रात आजही कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. चार अंकी टेबलावरून तीन-चार वेळा बेरीज-वजाबाकी केली की उत्तराचा चौथा अंक डळमळतो. एकाचे 2.346 येते, शेजारच्याचे 2.348. तपासनीस सूत्राला, किमती घालण्याला आणि उत्तराला वेगवेगळे गुण देतो, शेवटच्या अंकातल्या फरकाकडे काणाडोळा करतो आणि एकक विसरले तर गुण कापतो. ही सूट कुठे लिहिलेली नसली तरी चालते, कारण समोर सगळ्या पायऱ्या असतात.

आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत 2006 पासून लेखी पायऱ्या गेल्या. पुढे ओएमआर पत्रिकेवर पूर्णांक उत्तराचे प्रश्न आले, तेव्हा उत्तर 0 ते 9 यांपैकी एकच अंक असेल अशी अट होती. त्यामुळे सूट देण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. आकडे जुळवून आणण्याची डोकेदुखी मात्र प्रश्न काढणाऱ्याकडे गेली. गेट परीक्षेने दुसरी वाट धरली : उत्तरसूचीत एक आकडा न देता पल्ला द्यायचा, समजा 0.95 ते 1.05. आमच्या मते ही वाट जास्त प्रामाणिक आहे, पण पल्ला ठरवायला मेहनत लागते.

बारावीच्या रसायनशास्त्रातले डॅनियल घटाचे गणित घ्या. E° = 1.10 V, n = 2, तापमान 298 K; समतोल स्थिरांक K काढा. सूत्र log K = nE°/0.0591, म्हणजे अंशात 2.20. पण हा 0.0591 कोणी 0.059 लिहितो, कोणी घाईत 0.06. त्यानुसार log K अनुक्रमे 37.23, 37.29 आणि 36.67 येतो. तिन्ही जवळजवळच आहेत, फरक दोन टक्क्यांच्या आत. आता K काढा : 1.7×10³⁷, 1.9×10³⁷ आणि 4.6×10³⁶. पहिले आणि तिसरे यांत साडेतीन पटींहून अधिक अंतर पडले. घातांकातली छोटी चूक घात काढताना फुगते, आणि तिन्ही विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र सारखेच कळलेले आहे.

म्हणून पल्ला ठरवताना काम दोन बाजूंनी करावे लागते. आधी योग्य रीतीने येऊ शकणारी सगळी उत्तरे काढायची : स्थिरांकाच्या प्रचलित किमती घेऊन, आणि मधल्या पायरीत पूर्णांकन करून व न करून. मग नेहमीच्या चुकांची उत्तरे काढायची. इथे n = 1 घेतले तर log K 18.6 येतो. पल्ल्यात पहिला गट पूर्ण बसला पाहिजे आणि दुसऱ्यातले एकही उत्तर शिरता कामा नये. या प्रश्नात log K विचारला तर 36.6 ते 37.3 हा पल्ला निर्धास्त ठेवता येतो. K च विचारायचा असेल, तर 0.0591 घ्या असे प्रश्नात छापणे हाच उपाय. सरसकट 'पाच टक्के सूट' लावणारी उत्तरसूची log K ला पुरते आणि K ला अपुरी पडते.

पूर्णांकनाचाही एक जुना पेच आहे. शाळेच्या गणितात 5 आला की वर जायचे. पण भारतीय मानक आयएस 2 (1960) आणि एनसीईआरटीचे अकरावीचे भौतिकशास्त्र सांगतात की नेमका 5 असेल तर आधीचा अंक सम होईल असे करा : 2.745 चे 2.74, आणि 2.735 चेही 2.74. शाळेच्या नियमाने 2.745 चे 2.75 होते. दोघेही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर, त्यामुळे उत्तरसूचीत दोन्ही असावीत. 'तोडा किंवा पूर्णांकन करा' या सूचनेतही हेच घडते. दोन तृतीयांश लिहिताना 0.66 आणि 0.67 दोन्ही वैध ठरतात, म्हणजे 0.01 ची सूट सूचनेनेच देऊन टाकलेली असते.

पल्ला ठरला तरी तो संगणकाला कसा सांगायचा, यात एक फसगत आहे. बरोबर उत्तर 1.0 आणि सूट 0.1 असेल, तर 1.1 लिहिणारा नेमका काठावर आहे, त्याला गुण मिळायला हवेत. पायथनमध्ये पाहा :

```
abs(1.1 - 1.0) <= 0.1   # False
0.9 <= 1.1 <= 1.1       # True
```

1.1 आणि 0.1 बायनरीत नेमके साठवता येत नाहीत, आणि वजाबाकीचे उत्तर 0.10000000000000009 येते. फरक काढून सुटीशी ताडण्यापेक्षा खालची आणि वरची मर्यादा थेट द्यावी. काठावरची तक्रार बरीचशी टळते.

जेईई मेनमध्ये 2020 पासून संख्यात्मक प्रश्न आले आणि पुढे उत्तर जवळच्या पूर्णांकात लिहिण्याची पद्धत रुळली. दशांश स्थळांचा वाद त्याने मिटतो. वरच्या गणितात 36.67, 37.23 आणि 37.29 यांचे तिघांचेही 37 होते, कोणी स्थिरांक कोणताही घेतला तरी. पण प्रश्न काढणाऱ्याने E° थोडा बदलून 1.09 केला, तर 0.06 घेणाऱ्याचे 36.33 म्हणजे 36 येते आणि 0.0591 घेणाऱ्याचे 36.89 म्हणजे 37. मूल्ये .5 च्या दोन बाजूंना पडली की पूर्णांकन फरक लपवत नाही, उलट पूर्ण एकाने वाढवते. म्हणून आकडे निवडल्यावर गणित प्रत्येक प्रचलित स्थिरांकाने सोडवून बघावे. उत्तरे .5 ओलांडत असतील तर E° बदलावा किंवा स्थिरांक प्रश्नातच द्यावा.