पीपीटीतली रेशोची स्लाइड आली कुठून

कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतली एखादी छोटी लिस्टेड कंपनी रिझल्ट लावते तेव्हा सोबत एक पीपीटी येते, आधी हायलाइट्स, मग रेशो, शेवटी आउटलुक. हे तिन्ही भाग एकाच वेळी आलेले नाहीत.

आधी शेअरहोल्डरला मिळायचं ते पेपरमधलं बारीक अक्षरातलं रिझल्टचं कोष्टक आणि वर्षातून एकदा अॅन्युअल रिपोर्ट. सेबीच्या बिर्ला समितीनंतर २००० साली कंपनीच्या एक्स्चेंजबरोबरच्या लिस्टिंग करारात क्लॉज ४९ आला, त्यात मॅनेजमेंटने धंद्याचा आढावा लिहायचा होता आणि त्यातच आउटलुक हा मथळाही होता. पीपीटीचं शेवटचं पान याच आढाव्याच्या वळणावर गेलंय. लिस्टेड कंपन्यांसाठीच्या २०१५ च्या सेबी एलओडीआर नियमांत तिमाही रिझल्ट ४५ दिवसांत आणि वर्षाचा ६० दिवसांत द्यायचं ठरलं, आणि अॅनालिस्टना दाखवलेली पीपीटी एक्स्चेंजवर टाकणंही त्यातच आलं. पण रिझल्ट ऑडिटरच्या नजरेखालून जातो, पीपीटीतल्या हायलाइट्सचं तसं नाही, तिथे काय मोठ्या अक्षरात छापायचं ते कंपनीच ठरवते.

रेशोचं प्रकरण सेबीच्याच कोटक समितीनंतरचं. १ एप्रिल २०१९ पासून अॅन्युअल रिपोर्टमध्ये मुख्य रेशो २५ टक्के किंवा जास्त हलला तर कारण लिहावं लागतं, मग २०२१ मध्ये कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमध्येही ११ रेशो आले. नियम चांगलाच आहे, पण त्यात एक फट आहे आणि ती छोट्या कंपनीत जास्त लागते असं मला वाटतं.

समजा आपल्याकडचीच एक फाउंड्री आहे, नाव काल्पनिकही नको. विक्री ५० कोटींची ६० कोटी झाली, हायलाइट्सवर २० टक्के वाढ झळकली. उधारी मात्र वर्षाच्या सुरुवातीला १० कोटी होती ती शेवटी २० कोटी झाली. रेशोला सरासरी धरतात, म्हणजे १५ कोटी, त्यामुळे डेटर्स टर्नओव्हर, म्हणजे विक्री उधारीच्या किती पट आहे तो रेशो, ६० भागिले १५ म्हणजे ४. आदल्या वर्षी सरासरी १० कोटी होती, रेशो ५ होता. घट २० टक्केच, म्हणून कारण द्यायची गरजच नाही! आणि प्रत्यक्षात ३१ मार्चची उधारी विक्रीच्या दिवसांत मोजली तर ७३ दिवसांवरून १२२ दिवसांवर गेलीय, म्हणजे माल गेला पण पैसा चार महिने बाहेर, कदाचित तिमाही संपता संपता ग्राहकाकडे जास्तीचा माल ढकलून विक्री फुगवलेली असेल, कदाचित मोठा ग्राहकच अडकला असेल. मार्केट यार्डात हळदीचा धंदा करणारा माणूस हा आकडा बघून लगेच वसुलीचं विचारेल.

म्हणून रेशोच्या स्लाइडवर न थांबता ताळेबंदातली वर्षअखेरची येणी, म्हणजे हीच उधारी, बघा आणि कॅश फ्लोमध्ये धंद्यातून आलेला पैसा नफ्याशी ताडून पहा. पण ताळेबंद आणि कॅश फ्लो सहा महिन्यांतून एकदाच द्यावे लागतात, त्यामुळे जून आणि डिसेंबर तिमाहीच्या रिझल्टमध्ये येणी दिसत नाहीत, तेव्हा वसुलीचं कॉन्फरन्स कॉलवर थेट विचारावंच लागतं.